सामाजिक करार: हॉब्ज, लॉक आणि रूसो यांची तुलना निबंधात कशी करावी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

राज्याच्या उत्पत्तीचे सिद्धांत शिकताना दैवी उत्पत्ती, बळाचा सिद्धांत वगैरे भराभर मागे पडतात. सामाजिक करारापाशी मात्र गाडी अडते, कारण इथे तीन विचारवंत एकदम येतात आणि प्रश्नपत्रिका त्यांची तुलना मागते. पुढचे प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात ते आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार वाक्यांत आटोपली आहेत.

तिघांचा तक्ता पाठ आहे. तोच परिच्छेदांत उलगडून लिहिला तर काय बिघडतं?

तक्त्यात साधारण चार ओळी असतात: मनुष्यस्वभाव, निसर्गावस्था, करार, सार्वभौम. तो उलगडला की हॉब्जवर एक पान, लॉकवर एक पान, रूसोवर एक पान आणि शेवटी ‘अशा प्रकारे तिघांत साम्य व भेद आढळतात’ हे वाक्य, असा निबंध तयार होतो. त्यातली माहिती बहुतेक वेळा बरोबर असते. पण तुलना झालेलीच नसते, तपासणाऱ्याने ती आपली आपण करून घ्यायची असते.

दुसरा तोटा मोठा आहे. तक्त्यात एका ओळीचा दुसरीशी संबंध दिसत नाही. लॉक प्रतिकाराचा हक्क देतो आणि हॉब्ज देत नाही, एवढं तक्ता सांगतो. का, ते सांगत नाही. मग विद्यार्थी ‘लॉक उदारमतवादी होता म्हणून’ असं लिहितो, आणि ते कारण नसून लॉकला नंतर चिकटवलेलं लेबल असतं. खरं कारण आधीच्या ओळीत दडलेलं आहे: लॉकच्या निसर्गावस्थेत राज्याच्या आधीपासून कायदा आहे, म्हणून राज्यकर्ता तो मोडू शकतो आणि मोडला तर दोषी ठरतो. हॉब्जच्या निसर्गावस्थेत माणसांना बांधून ठेवील असा न्याय-अन्यायाचा निवाडाच नाही, म्हणून राज्यकर्त्याला दोषी ठरवायला मोजपट्टी उरत नाही.

स्वतःचा मसुदा तपासायची एक सोपी युक्ती आहे. लागोपाठच्या दोन विधानांच्या मध्ये ‘म्हणून’ घालून बघा. बसत असेल तर युक्तिवाद आहे. फक्त ‘आणि’ बसत असेल तर ती यादी आहे.

मग निबंध कशाभोवती बांधावा?

एका प्रश्नाभोवती: हा करार नेमका कोणाकोणात होतो, आणि राज्यकर्ता त्यात पक्षकार आहे का?

मला हा प्रश्न सर्वांत कामाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर अनपेक्षित आहे. तिघांपैकी एकाच्याही मांडणीत राज्यकर्ता पक्षकार नाही. या तिघांच्या आधी युरोपात कराराची कल्पना होती ती वेगळी होती. त्यात एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला प्रजा. राजाने शपथ पाळायची, प्रजेने आज्ञा पाळायची, आणि राजाने शपथ मोडली तर प्रजा मोकळी. ही जुनी कल्पना बराच काळ टिकून होती. जानेवारी १६८९ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सने दुसऱ्या जेम्सविरुद्ध ठराव केला तेव्हाही, राजा आणि प्रजा यांच्यातला मूळ करार त्याने मोडला, अशीच भाषा वापरली.

आपले तिघे या कल्पनेपासून दूर जातात. करार माणसांचा माणसांशी होतो, राज्यकर्ता त्यातून बाहेर राहतो. एवढ्यावर तिघांचं जुळतं. पण या एकाच गोष्टीतून तीन निराळे निष्कर्ष निघतात. हॉब्ज म्हणतो, राज्यकर्त्याने करार केलेलाच नाही, त्यामुळे तो करार मोडूच शकत नाही. लॉक म्हणतो, राज्यकर्ता फक्त विश्वस्त आहे, त्याला कर्तव्यं आहेत, करारातून आलेले स्वतःचे हक्क नाहीत. रूसो म्हणतो, राज्यकर्ता जनतेने नेमलेला कारभारी आहे, त्याला हवं तेव्हा दूर करता येतं.

प्रस्तावनेतला मुख्य दावा म्हणून हे असं लिहिता येईल: ‘हॉब्ज, लॉक आणि रूसो या तिघांनीही राज्यकर्त्याला कराराबाहेर ठेवले, परंतु हॉब्जने त्यातून त्याची निरंकुशता सिद्ध केली, लॉकने त्याची जबाबदारी, तर रूसोने त्याचे दुय्यमत्व.’ एवढं वाक्य हातात असलं की पुढचा प्रत्येक परिच्छेद कशासाठी आहे ते तुम्हालाही कळतं आणि वाचणाऱ्यालाही.

हॉब्जचा सार्वभौम करारात नाही, मग त्याला सत्ता मिळते कशी?

‘लेव्हायथन’ (१६५१) मध्ये प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येक माणसाशी बोलतो आहे असा हा करार मांडला आहे. त्याचा आशय असा: स्वतःवर राज्य करण्याचा माझा हक्क मी या माणसाला किंवा या सभेला सोपवतो, पण तूही तुझा हक्क तसाच सोपवला पाहिजेस. अट आहे ती माणसामाणसांत. ज्याला सत्ता मिळते त्याच्यावर कोणतीही अट नाही. तो करारातून लाभ मिळणारा तिसरा माणूस आहे.

शिवाय हॉब्ज ‘अधिकृत करणे’ ही कल्पना वापरतो. मी सार्वभौमाला माझ्या वतीने वागण्याचा अधिकार दिला, म्हणजे त्याची प्रत्येक कृती माझीच कृती ठरते. मग तो माझ्यावर अन्याय करतो अशी तक्रार मी करू शकत नाही, कारण ती स्वतःविरुद्धची तक्रार होईल. सार्वभौम दुष्टपणे वागू शकतो हे हॉब्ज मान्य करतो, पण कराराच्या अर्थाने त्याचं वागणं अन्याय ठरत नाही. निबंधात हा बारकावा लिहिला तर हॉब्ज म्हणजे हुकूमशाहीचा भाट, या ठोकळ्यातून तुमचं उत्तर बाहेर पडतं.

हॉब्जची निसर्गावस्था म्हणजे मात्स्यन्याय, असं लिहिलं तर चालेल का?

उत्तरपत्रिकांत हे फार वेळा दिसतं, आणि ते अर्धंच बरोबर आहे. मात्स्यन्यायात मोठा मासा लहानाला खातो, म्हणजे तिथे बलवान कोण हे ठरलेलं असतं. हॉब्जचा मुद्दा याच्या उलट आहे. त्याच्या मते माणसं साधारण समान आहेत, कारण सर्वांत दुबळा माणूसही कावा करून किंवा इतरांशी संगनमत करून सर्वांत बलवानाला ठार करू शकतो. कोणीच निर्धास्त नाही, म्हणूनच भीती सार्वत्रिक आहे. मोठा मासा कायम मोठा राहिला असता तर त्याला करार करायची गरजच पडली नसती.

भांडणाची तीन कारणं हॉब्ज देतो: स्पर्धा, अविश्वास आणि प्रतिष्ठेची हाव. यातला अविश्वास महत्त्वाचा. समोरचा हल्ला करील या शंकेनेच मी आधी हल्ला करतो, मग आम्ही दोघंही स्वभावाने क्रूर असलो-नसलो तरी फरक पडत नाही. ‘हॉब्जच्या मते माणूस मूळचाच दुष्ट’ हे वाक्य त्यामुळे टाळावं.

हॉब्जकडे प्रतिकाराचा हक्क अजिबातच नाही?

सामुदायिक बंडाचा हक्क नाही. पण दोन फटी आहेत, आणि त्या माहीत असणं चांगल्या निबंधाची खूण आहे. पहिली: जीव वाचवण्यासाठीच तर करार केला, तेव्हा जीव देण्याचं बंधन त्यातून निघू शकत नाही. सार्वभौमाने न्यायाने मृत्युदंड दिला असला तरी तो माणूस स्वतःला वाचवायची धडपड करू शकतो. दुसरी: सार्वभौमाची आज्ञा पाळण्याचं बंधन त्याच्यात संरक्षण देण्याची ताकद असेपर्यंतच टिकतं. ताकद संपली की बंधनही संपलं.

ही दुसरी फट कल्पनेतली नव्हती. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि राजनिष्ठांपुढे पेच उभा राहिला की आता नव्या सत्तेला मानायचं की नाही. पॅरिसमध्ये आश्रयाला राहिलेल्या हॉब्जचं पुस्तक दोनच वर्षांनी आलं, आणि त्यातून उत्तर निघत होतं: जी सत्ता तुम्हाला प्रत्यक्ष संरक्षण देते तिला माना. राजपक्षातल्या अनेकांना ते रुचलं नाही, हे ओघानेच आलं.

लॉकमध्ये दोन करार आहेत असं पुस्तकांत वाचलंय. बरोबर आहे का?

समाज निर्माण करणारा पहिला करार आणि शासन निर्माण करणारा दुसरा, अशी विभागणी बऱ्याच पाठ्यपुस्तकांत असते. समजावून सांगायला ती सोयीची आहे. पण शासनाशी केलेला असा दुसरा करार लॉकच्या ग्रंथात सापडत नाही. त्याचे ‘टू ट्रीटिझेस ऑफ गव्हर्नमेंट’ १६८९ मध्ये निनावी प्रसिद्ध झाले. त्यातल्या दुसऱ्या प्रबंधात माणसं एकमेकांच्या संमतीने एक समाज बनतात, तो समाज बहुमताने चालतो आणि कायदे करण्याची सत्ता कुठे ठेवायची हे ठरवतो. ती सत्ता तो ‘विश्वासाने’ सोपवतो. शब्द करार नाही, विश्वस्तपणा आहे.

फरक किरकोळ वाटेल, पण इथेच सगळी गंमत आहे. करारात दोन्ही बाजूंना हक्क असतात. उद्या राजा म्हणू शकला असता की प्रजेनेही माझ्याशी करार केलाय, तुम्हीच तो मोडलात. विश्वस्ताला असा दावा करता येत नाही. ज्यांच्या हितासाठी नेमला त्यांच्या हितासाठीच त्याने वागायचं, आणि तो तसा वागतोय की नाही हे कोण ठरवणार? लॉकचं उत्तर स्पष्ट आहे: जनता. निबंधात ‘दोन करार’ लिहायचेच असतील तर ‘असा अर्थ काही अभ्यासक लावतात’ एवढी पुस्ती जोडा आणि लॉक स्वतः विश्वस्तपणाची भाषा वापरतो हे नोंदवा.

लॉकच्या निसर्गावस्थेत शांतता आहे. मग राज्य कशाला हवं?

कारण तिथे तीन गोष्टी नाहीत: सर्वांना ठाऊक असलेला ठरलेला कायदा, निःपक्ष न्यायाधीश आणि निकाल अमलात आणणारी सत्ता. नैसर्गिक कायदा आहे, पण प्रत्येकजण स्वतःच्या भांडणात स्वतःच न्यायाधीश. स्वतःच्या बाबतीत माणूस पक्षपात करतो, रागाच्या भरात जास्त शिक्षा करतो, आणि शांततेतून युद्धाची अवस्था उगवते.

म्हणजे हॉब्जपासून लॉक दिसतो तितका दूर नाही. दोघांच्याही निसर्गावस्थेत शेवटी असुरक्षितताच आहे. पण हॉब्जचा माणूस जिवाला घाबरून सुटका मागतो, तर लॉकचा माणूस जीवन, स्वातंत्र्य आणि मालमत्ता नीट राखली जावी म्हणून सोय करतो. म्हणून हॉब्जचा माणूस जवळजवळ सगळं देऊन टाकतो. लॉकचा माणूस मुख्यतः एकच गोष्ट देतो: स्वतःच न्याय करून शिक्षा देण्याचा हक्क.

लॉकने १६८८च्या क्रांतीचं समर्थन करायला ग्रंथ लिहिला, हे लिहावं ना?

जपून. प्रसिद्धी क्रांतीनंतरची आहे आणि प्रस्तावनेत तिचं समर्थनही आहे. पण पीटर लॅस्लेट यांच्या संशोधनानंतर बहुतेक अभ्यासक मानतात की मुख्य लेखन त्याआधी काही वर्षं, साधारण १६८० च्या आसपासचं आहे. ‘क्रांतीनंतर प्रसिद्ध झाला आणि तिच्या समर्थनार्थ वाचला गेला’ एवढं लिहिलं की निभावतं.

रूसो सगळे हक्क देऊन टाकायला सांगतो आणि वर माणूस पूर्वीइतकाच स्वतंत्र राहतो म्हणतो. हे कसं?

‘सोशल कॉन्ट्रॅक्ट’ (१७६२) मधली ही सर्वांत अवघड जागा. थोडं थांबून बघू.

प्रत्येक माणूस स्वतःला सर्व हक्कांसह संपूर्ण समाजाच्या स्वाधीन करतो. वरवर पाहता हे हॉब्जपेक्षाही भयंकर वाटतं. पण हॉब्जमध्ये हक्क एका बाहेरच्या माणसाला किंवा सभेला मिळतात. रूसोमध्ये ते ज्याला मिळतात त्या सामूहिक देहाचा मीही घटक आहे. सगळेच सारखं देतात, त्यामुळे दुसऱ्यावर जाचक अट लादण्यात कोणाचा फायदा नसतो, ती फिरून आपल्यावरच येते. सर्वांच्या स्वाधीन होणं म्हणजे कोणा एकाच्या स्वाधीन न होणं, असा त्याचा तर्क आहे.

इथे सार्वभौम म्हणजे कायदे करायला जमलेली जनताच. सरकार नव्हे. सरकार सार्वभौमाने केलेले कायदे अमलात आणतं, आणि सरकार नेमणं हा करार नाही असं रूसो एका स्वतंत्र प्रकरणात बजावून सांगतो. सार्वभौमत्व कोणाला देऊन टाकता येत नाही आणि त्याचं प्रतिनिधित्वही होत नाही. इंग्रज लोक स्वतःला स्वतंत्र समजतात, पण ते फक्त संसद निवडतानाच स्वतंत्र असतात, निवडणूक संपली की गुलाम, हा त्याचा टोला याच मुद्द्यावर आहे. निबंधात हे वाक्य शोभेसाठी वापरू नका. लॉकशी त्याचा काय वाद आहे ते दाखवायला वापरा: लॉकला प्रतिनिधींची संमती पुरते, रूसोला पुरत नाही.

सामूहिक ईहा म्हणजे बहुमतच ना?

नाही. सगळ्यांच्या खासगी इच्छांची बेरीज आणि सामूहिक ईहा यांत रूसो फरक करतो. सभेत एखादा कायदा मांडला जातो तेव्हा ‘मला हा सोयीचा आहे का’ हा प्रश्न नसतो. ‘सर्वांच्या समान हिताशी हा जुळतो का’ हा असतो. प्रत्येकाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं तर एकमत झालं तरी सामूहिक ईहा सापडली असं नाही. मतमोजणीने ती ओळखता येते असं रूसो मानतो, पण नागरिक दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत असतील तरच.

खरी अडचण इथेच आहे. नागरिक कोणत्या प्रश्नाचं उत्तर देत होते हे बाहेरून कळायचं कसं? ‘स्वतंत्र होण्यास भाग पाडणे’ या त्याच्या शब्दप्रयोगावर टीका करायची असेल तर या अडचणीवरून करा. नुसतं ‘यातून हुकूमशाही जन्मते’ म्हणणं फार स्वस्त आहे.

रूसोला निसर्गावस्था आवडते, मग करार का हवा?

‘असमानतेवरचा प्रबंध’ (१७५५) आणि ‘सोशल कॉन्ट्रॅक्ट’ ही पुस्तकं एकत्र कालवल्यामुळे हा गोंधळ होतो. पहिल्या पुस्तकातही एक करार आहे, पण तो फसवा आहे: श्रीमंत लोक आपली मालमत्ता वाचवण्यासाठी गरिबांना ‘सर्वांच्या संरक्षणासाठी’ एकत्र यायला सांगतात, आणि गरीब फसतात. दुसऱ्या पुस्तकातला करार योग्य राज्य कसं असावं ते सांगतो. मागे जंगलात परतता येत नाही, हे रूसोला पक्कं ठाऊक होतं.

एखादं उदाहरण घेऊन तिघांची तुलना करून दाखवाल का?

पहिल्या चार्ल्सचा ‘जहाज कर’ घेऊ. १६२९ ते १६४० ही अकरा वर्षं त्याने संसद बोलावलीच नाही. पैसा तर हवा. युद्धप्रसंगी किनाऱ्यावरच्या गावांकडून जहाजांसाठी वर्गणी घ्यायची जुनी प्रथा होती. चार्ल्सने ती १६३४ मध्ये उकरून काढली, आणि १६३५ मध्ये समुद्राशी संबंध नसलेल्या परगण्यांनाही लावली. बकिंगहॅमशरमधल्या जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने पैसे द्यायला नकार दिला. रक्कम त्याच्या ऐपतीपुढे क्षुल्लक होती, प्रश्न तत्त्वाचा होता. १६३८ मध्ये बारापैकी सात न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला.

हॅम्पडेनचा नकार रास्त होता का? तिघांना विचारू.

हॉब्जच्या चौकटीत, नाही. त्याच्या दृष्टीने इंग्लंडमध्ये सार्वभौम राजाच होता, आणि सैन्य व त्यासाठी लागणारा पैसा हे सार्वभौमाचे अविभाज्य अधिकार आहेत. मालमत्ता मुळात राज्यामुळेच अस्तित्वात येते. ती दुसऱ्या प्रजाजनाला दूर ठेवू शकते, सार्वभौमाला नाही. ‘माझ्या मालावर राजाचा काही अधिकार नाही’ हे मत तो राज्य खिळखिळं करणाऱ्या रोगांत मोजतो. शिवाय राजाने करारच केलेला नाही, तेव्हा त्याने तो मोडला असं हॅम्पडेन म्हणूच शकत नाही.

लॉकच्या चौकटीत, होय. मालमत्ता राज्याच्या आधीची आहे, म्हणून ती जनतेच्या, म्हणजे बहुमताच्या किंवा तिच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय घेता येत नाही. राजाने संसदेची संमती घेतली नाही, एवढंच नाही, संसद भरूच दिली नाही. विधिमंडळाला ठरल्या वेळी जमू न देणं हे तर लॉक शासन विघटित होण्याच्या कारणांत धरतो. पण एक माणूस नाडला गेला म्हणून क्रांती होत नाही, हेही तोच सांगतो. लोक उठतात ते जुलूम बहुसंख्यांपर्यंत पोचला किंवा एकावरच्या जुलमातून सगळ्यांना धोका दिसू लागला की. जहाज कराची रक्कम छोटी होती, पण पायंडा सगळ्यांना धोक्याचा होता. आणि शासन कोसळलं तरी समाज कोसळत नाही, नवं शासन नेमायला तो शिल्लक राहतो. हॉब्जमध्ये हा मधला मुक्काम नाही. सार्वभौम गेला की थेट निसर्गावस्था.

रूसोच्या चौकटीतही होय, पण कारण निराळं, आणि ते लॉकलाही अडचणीत आणणारं. कायदा सर्वांनी सर्वांसाठी केलेला असावा लागतो, त्यामुळे राजाचा फतवा कायदाच नाही. सरकारने सार्वभौमत्व बळकावलं की करार मोडतो. नागरिकांना आज्ञा पाळायला भाग पाडलं जाईल, पण त्यांच्यावर ते बंधन नाही. मात्र हाच कर संसदेने मंजूर केला असता तर लॉक समाधानी झाला असता, रूसो नाही. त्याचा उपाय वेगळा आहे: जनतेच्या ठरावीक काळाने आपोआप भरणाऱ्या सभा. त्यांत दोन प्रश्न स्वतंत्रपणे मतास टाकायचे: सध्याचा शासनप्रकार ठेवायचा का, आणि कारभार सध्याच्या माणसांकडेच ठेवायचा का? अशी सभा रोखणारा राज्यकर्ता स्वतःच राज्याचा शत्रू असल्याचं जाहीर करतो.

बघा, एका करातून मनुष्यस्वभाव सोडून तक्त्याच्या सगळ्या ओळी आल्या, पण प्रत्येक कुठल्या ना कुठल्या कारणाला जोडून आली.

हे निबंधाच्या परिच्छेदात कसं उतरवायचं?

एकाच परिच्छेदात तिघं हवेत. विद्यार्थी बहुधा असं लिहितात: ‘हॉब्जने निरंकुश राजेशाहीचा पुरस्कार केला. लॉकने मर्यादित शासनाचा पुरस्कार केला. रूसोने लोकसत्तेचा पुरस्कार केला.’ यात तीन विधानं आहेत आणि तुलना शून्य. (पहिलं विधान तर चूकही आहे, सार्वभौम सभाही असू शकते.)

त्याऐवजी: ‘राज्यकर्ता करारात पक्षकार नसल्याने त्याच्यावर करारभंगाचा आरोप करता येत नाही, हे हॉब्जचे म्हणणे लॉकलाही नाकारावे लागत नाही. परंतु लॉकच्या मते नैसर्गिक कायदा कराराच्या आधीपासून असल्याने आरोप करारभंगाचा नसून विश्वासघाताचा ठरतो. रूसोला तर आरोपाचीही गरज नाही. सरकार जनतेने नेमलेले असल्याने दोष नसतानाही ती त्याला बदलू शकते.’ इथे प्रत्येक विचारवंत आधीच्याला उत्तर देतो आहे. रूसोने हॉब्ज आणि लॉक वाचले होते, त्यामुळे असा संवाद रचण्यात काही खोटंही नाही.

असा करार कधी झालाच नाही. टीकेत हे लिहिलं की पुरे का?

पुरे नाही, कारण हा आक्षेप तिघांना सारखा लागत नाही. त्याची सर्वांत धारदार मांडणी डेव्हिड ह्यूमने १७४८ च्या निबंधात केली. सरकारं बहुतेक बळाने किंवा बळकावून उभी राहिली, संमतीने नव्हे, असं तो म्हणतो. हॉब्जला हा फटका फारसा बसत नाही: त्याच्या मते भीतीपोटी केलेला करारही वैध असतो, आणि विजेत्याला शरण जाणं हाही राज्य निर्माण होण्याचा एक मार्गच आहे.

फटका बसतो लॉकला. प्रत्यक्ष संमती थोडेच देतात हे जाणून लॉक गर्भित संमतीचा आधार घेतो: राज्याच्या हद्दीत आठवडाभर मुक्काम केला किंवा नुसता रस्त्याने प्रवास केला तरी संमती दिली. ह्यूम विचारतो, ज्या गरीब माणसाला परकी भाषा येत नाही, जो रोजच्या मजुरीवर जगतो, त्याला देश सोडायचा पर्याय खरोखर आहे का? झोपेत जहाजावर चढवलेला माणूस जहाजावर आहे म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली म्हणायचं, आणि उतरायचं तर समुद्रात उडी घ्यावी लागणार! रूसोही वास्तव्य म्हणजे संमती असं म्हणतो, पण हे फक्त स्वतंत्र राज्याला लागू आहे, अशी तळटीप जोडून तो सावध राहतो.

रॉल्स आणि स्त्रीवादी टीका आणावी का?

प्रश्न ‘चिकित्सक तुलना करा’ असा असेल तर एक परिच्छेद द्या, त्याहून जास्त नको. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये कराराचा उपयोग बदलला. आज्ञा का पाळायची, यापेक्षा समाजाच्या पायाभूत रचनेसाठी न्यायाची तत्त्वं कोणती, हा त्याचा मुख्य प्रश्न आहे. त्यामुळे त्याला या तिघांच्या शेजारी चौथा रकाना म्हणून बसवलं की घोळ होतो.

कॅरोल पेटमन यांची १९८८ मधली टीका मात्र आपल्या मूळ प्रश्नाला थेट भिडते. करार कोणाकोणात होतो? ‘सर्व माणसांत’ असं उत्तर दिलं जातं, पण त्या म्हणतात की करार करणारे पुरुष आहेत, आणि स्त्रियांवरचा त्यांचा अधिकार त्या करारात गृहीत धरलेला आहे. हेही तिघांवर नेमकं लावून बघा. हॉब्ज निसर्गावस्थेत स्त्री-पुरुषांना समान मानतो, मुलावर आईचा अधिकारही मान्य करतो, आणि राज्य आलं की कुटुंबप्रमुख बहुधा बाप होतो. लॉक राजसत्तेची तुलना बापाच्या सत्तेशी करणाऱ्या फिल्मरला खोडून काढतो, पण नवरा-बायकोच्या मतभेदात शेवटचा शब्द नवऱ्याचा ठेवतो. रूसोच्या सभेत बायका नाहीतच.